आयआरच्या शेपटीत खाली उतरत जाणारी शिट्टी येतेय? ती कुठून येते आणि कशी काढायची

गिरगावातल्या एका जुन्या सभागृहाचा रिव्हर्ब आम्हाला जपून ठेवायचा होता. लाकडी रंगमंच, वर बाल्कनी, लाकडी घडीच्या खुर्च्या, आणि इमारत आता पुनर्विकासात जाणार, म्हणजे तो आवाज परत मिळणार नाही. आम्ही नाट्यसंगीत आणि अभंग रेकॉर्ड करतो, तर त्या हॉलचा इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजेच आयआर, एका ठोक्याला हॉल कसा घुमतो त्याची नोंद, घेऊन ठेवावा, म्हणजे पुढे स्टुडिओत कोरडा घेतलेला गळा कन्व्होल्युशन रिव्हर्बमधून त्याच हॉलमध्ये बसवता येईल, एवढा साधा विचार होता.

तीन रात्री गेलो आणि तिन्ही वेळा तोच घोळ. आयआर तयार झाला, ऐकला, पहिला ठोका छान, हॉल ओळखू येतो, पण शेपटी विरत असताना मागून एक बारीक शिट्टी 'पिऊऽऽऽ' करत खाली उतरत जाते. नुसत्या आयआरमध्ये ती पुसट वाटते, पण त्यातून तबल्याची एक थाप काढली की प्रत्येक थापेमागे ती ऐकू येते आणि एकदा कानात बसली की दुसरं काही ऐकूच येत नाही. हाच त्रास बऱ्याच जणांना होतो आणि सगळे आधी स्पीकरला नाहीतर सॉफ्टवेअरला दोष देतात, मीही तेच केलं, म्हणून नीट लिहितोय.

आधी सेटअप सांगतो म्हणजे पुढचे आकडे कळतील. २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत जाणारा एक्स्पोनेन्शियल साइन स्वीप, २० सेकंदांचा, त्यामागे ५ सेकंद शांतता, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. स्पीकर रंगमंचावर गायक बसतो तिथे, माइक साधारण ९ मीटरवर मधल्या रांगेत. वाजवणं आणि रेकॉर्डिंग एकाच ऑडिओ इंटरफेसवर, आणि दुसऱ्या चॅनलवर आउटपुटची एक केबल थेट इनपुटला जोडलेली, म्हणजे लूपबॅक. ही केबल लावायचा कंटाळा करू नका, पुढे सगळी वेळ तिच्यावरूनच मोजायची आहे. एक्स्पोनेन्शियल स्वीपची ही पद्धत ध्वनिशास्त्रज्ञ अँजेलो फरिना यांनी २००० साली मांडली आणि आजची बहुतेक आयआर सॉफ्टवेअर तिच्यावरच चालतात. आतमध्ये गणित एवढंच आहे:

```
import numpy as np
from scipy.signal import fftconvolve
fs, f1, f2, T = 48000, 20, 20000, 20
t = np.arange(T*fs)/fs
L = np.log(f2/f1)
x = np.sin(2*np.pi*f1*T/L*(np.exp(t*L/T)-1))
inv = x[::-1]*np.exp(-t*L/T)
ir = fftconvolve(rec, inv)
```

`x` हा स्वीप, `rec` म्हणजे माइकचं रेकॉर्डिंग (लूपबॅकमध्ये स्वीप जिथे सुरू होतो तिथून कापलेलं), आणि `inv` म्हणजे उलटा फिल्टर. स्वीप मागून पुढे फिरवायचा आणि जसजसा तो खालच्या सुरांकडे येतो तसतसा दर सप्तकाला ६ डेसिबलने हळू करत न्यायचा. आयआर मिळतो तो `ir` मध्ये बरोबर २० सेकंदांच्या जागी.

हा उलटा फिल्टर नेमकं करतो काय ते समजलं की शिट्टीचं कोडं आपोआप सुटतं. स्वीपमध्ये खालचे सूर आधी निघतात आणि वरचे शेवटी. फिल्टर प्रत्येक सुराला वेगवेगळा वेळ थांबवून धरतो, २० हर्ट्झला पूर्ण २० सेकंद, १ किलोहर्ट्झला ८.६७ सेकंद, २० किलोहर्ट्झला अजिबात नाही, म्हणजे सगळे सूर एकाच क्षणी पोचतात आणि तो क्षण म्हणजे आपला ठोका. आता समजा रेकॉर्डिंग चालू असताना कुठेतरी 'कट्' वाजलं. त्या 'कट्'मध्ये सगळे सूर आधीच एकत्र होते. फिल्टरला हे माहीत नाही, तो त्यालाही तसंच वागवतो, वरचे सूर लगेच सोडतो, खालचे उशिरा. म्हणजे स्वीपला गोळा करणारं यंत्र 'कट्'ला मात्र पसरवून टाकतं, आणि त्या एका टिचकीचा वरून खाली उतरणारा पूर्ण २० सेकंदांचा स्वीप होतो. आपल्या आयआरच्या शेपटीत त्याचा मधला दोनतीन सेकंदांचा तुकडा सापडतो, तीच ती शिट्टी.

पण हे टिचकीचंच काम आहे का, ते आधी ठरवा, कारण दुसऱ्या काही गोष्टीही अशाच विचित्र आवाज करतात. आयआर स्पेक्ट्रोग्राममध्ये उघडा आणि फ्रिक्वेन्सीची बाजू लॉग स्केलवर ठेवा. टिचकी असेल तर एक सरळ तिरकी रेघ दिसते, आमच्या स्वीपसाठी दर २ सेकंदांना जवळजवळ एक सप्तक उतरणारी (२० सेकंदांत साधारण १० सप्तकं, म्हणून). स्पीकरचं डिस्टॉर्शन असेल तर ते मुख्य ठोक्याच्या *आधी* येतं आणि ठरलेल्या जागी येतं, दुसरा हार्मोनिक २ सेकंद आधी, तिसरा ३.१८ सेकंद आधी, आणि तो रेघेसारखा नाही तर छोट्या आयआरसारखा दिसतो. तो भाग कापून टाकायचा, संपलं. हेच डिस्टॉर्शन शेपटीत सापडलं तर मात्र तुमचं सॉफ्टवेअर मागेपुढे शांतता न जोडताच एफएफटीचा भागाकार करतंय, त्यामुळे आधीचा भाग गोल फिरून शेवटी येऊन चिकटलाय. वरच्या कोडमध्ये ते होत नाही.

आणि स्वीप मोबाइलवरून वाजवून वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असेल तर दोन घड्याळं थोडी वेगळी चालतात. त्यात शेपटीत रेघ येत नाही, पहिला ठोकाच पसरतो आणि 'टक्'च्या ऐवजी 'च्यूं' असा येतो. त्याला सगळ्यात सोपा इलाज म्हणजे एकाच इंटरफेसवर परत घ्या.

आमच्याकडे मात्र तिरकी रेघ होती, म्हणजे टिचकी नक्की. प्रश्न असा की कुठली? २५ सेकंदांच्या रेकॉर्डिंगमध्ये स्वीप इतका मोठा असतो की वेव्हफॉर्म बघून काहीच कळत नाही आणि कानालाही स्वीपच ऐकू येतो. इथे ती रेघच पत्ता सांगते, आणि मला या सगळ्यात सर्वात आवडलेली गोष्ट हीच आहे. रेघ मागे वाढवत न्या आणि ती मुख्य ठोक्याच्या क्षणाला कुठल्या फ्रिक्वेन्सीवर छेदते ते बघा. टिचकी वाजली तेव्हा स्वीप नेमका त्याच फ्रिक्वेन्सीवर होता. का, तर टिचकीतला तो सूर आणि स्वीपमधला तो सूर एकाच वेळी फिल्टरमध्ये शिरले, सारखेच थांबवले गेले, म्हणून एकत्रच बाहेर आले.

पहिल्या रात्रीच्या आयआरमध्ये रेघ १ किलोहर्ट्झवर छेदत होती. मग:

```
f = 1000
print(T*np.log(f/f1)/np.log(f2/f1))   # 11.33
```

म्हणजे स्वीप सुरू झाल्यापासून ११.३३ सेकंदांच्या आसपास काहीतरी वाजलंय. (ठोक्यापासून मोजलं तर स्पीकर ते माइक हवेतून यायला लागणारे २६ मिलिसेकंद त्यात धरा, ९ मीटरला साधारण तेवढे लागतात.) आता तिथे जाऊन ते दिसायचं कसं? त्या क्षणी स्वीप १ किलोहर्ट्झवर आहे, त्याचे दोनतीन हार्मोनिक्स धरले तरी ४ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही नसायला हवं. म्हणून रेकॉर्डिंगची एक कॉपी घेतली, तिच्यावर ४ किलोहर्ट्झचा हाय-पास लावला, तेवढाच तुकडा मोठा केला, आणि ११.३६ सेकंदांवर एक सुई उभी राहिलेली स्पष्ट दिसली. हेडफोनवर ऐकलं तर लाकडी खुर्चीची 'कट्'. हॉलचे पंखे आणि दिवे बंद केल्यावर लाकूड निवत जातं, आकसतं आणि मधूनच वाजतं, कोणी हललं नाही तरी.

आता काढायचं कसं. पहिल्यांदा जे सुचतं ते म्हणजे तेवढा भाग म्यूट करणं, आणि मी तेच केलं. ४० मिलिसेकंद शांत केले. रेघ गेली, पण स्वीपही गेला ना तिथला. १ किलोहर्ट्झजवळ स्वीप सेकंदाला साधारण ३४५ हर्ट्झ पुढे सरकतो, म्हणजे ४० मिलिसेकंदात १४ हर्ट्झ. तेवढ्या पट्ट्यात हॉलला आपण काही विचारलंच नाही, आयआरमध्ये तिथे भोक पडलं, आणि असं अरुंद भोक कानाला नुसतं भोक म्हणून ऐकू येत नाही, त्या सुरावर ठोक्याच्या मागेपुढे एक बारीक गुंजन लागतं. गाणाऱ्या बाईंचा वरचा सूर किंवा पेटीचा एखादा हार्मोनिक नेमका तिथे आला की कळतं. शिवाय म्यूटच्या कडा कडक ठेवल्या तर त्याच दोन नव्या टिचक्या होतात.

फरिना यांनी नंतर सुचवलेला उपाय याहून चांगला आहे, तो असा की त्या क्षणापुरता म्यूट न करता एक अरुंद बँड-पास लावायचा, स्वीप त्यावेळी ज्या फ्रिक्वेन्सीवर आहे बरोबर तिच्यावर. म्हणजे स्वीप स्वतः राहतो आणि टिचकीचा बाकी सगळा पसारा जातो. यात एक गोष्ट लक्षात ठेवा, त्या क्षणी हॉलमध्ये आधीचे खालचे सूरही घुमत असतात आणि तेच आपल्याला हवे असलेले रिव्हर्ब आहे, बँड-पास त्यांनाही तेवढ्यापुरतं गप्प करतो. म्हणून तुकडा जितका लहान तितकं बरं, २० ते ४० मिलिसेकंद. आणि 'घुमणारे सूर जायला नकोत' म्हणून बँड एक सप्तक खालपर्यंत रुंद करू नका, मी करून बघितलं आणि शिट्टी जशीच्या तशी राहिली. नंतर विचार केल्यावर कारण कळलं, टिचकीचे जे सूर स्वीपच्या खालच्या सप्तकात आहेत तेच तर ठोक्यानंतरच्या २ सेकंदांत येऊन पडतात. रुंद बँड नेमका तोच भाग वाचवतो जो आपल्याला घालवायचाय.

पण सगळ्यात स्वच्छ काम होतं ते दुसऱ्या टेकमधून ठिगळ लावून, आणि मी आता पहिल्यांदा हेच करतो. आम्ही एकाच जागेवर लागोपाठ चार टेक घेतले होते. पहिल्या टेकला ११.३६ वर टिचकी, दुसऱ्याला तिथे काही नाही. दोन्ही लूपबॅकवरून सॅम्पलला सॅम्पल जुळवले, दुसऱ्यातला ११.२५ ते ११.५० सेकंदांचा तुकडा उचलून पहिल्यात बसवला, दोन्ही कडांना १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड. मग परत उलट्या फिल्टरमधून काढलं. रेघ गायब, भोक नाही, गुंजन नाही. हे जमायला माइक, स्पीकर, गेन यातलं काहीही मधे हललेलं नको आणि टेक लागोपाठचे हवेत.

इथे बरेच जण म्हणतील की चार टेक आहेत तर सगळ्यांची सरासरीच का नाही घ्यायची, टिचकी आपोआप बारीक होईल. करू नका. सरासरी घेतली की टिचकी जात नाही, चार टेकच्या सगळ्या टिचक्या एकत्र येतात, फक्त प्रत्येक १२ डेसिबलने हळू. आणि बदल्यात शेपटी बिघडते. हवा अर्ध्या अंशाने जरी तापली किंवा निवली तरी आवाजाचा वेग सेकंदाला ०.३ मीटरने बदलतो. ऐकायला काहीच नाही, पण एक सेकंद भिंतींवर आपटत फिरलेला आवाज त्यामुळे जवळजवळ ०.९ मिलिसेकंद पुढेमागे होतो, आणि १ किलोहर्ट्झची एक पूर्ण लाटच १ मिलिसेकंदाची असते. म्हणजे दोन टेकच्या शेपट्या एकमेकांशी जुळत नाहीत, सरासरीत एकमेकांना खातात, आणि वरचे सूर आधी जातात. हॉल आहे त्यापेक्षा बोथट आणि छोटा वाटायला लागतो. दुसऱ्या रात्रीचं आमचं रेकॉर्डिंग याच कारणाने फुकट गेलं, त्यात एक पंखाही चालू राहिला होता, हवा सतत हलत होती. जास्तीचे टेक घ्यायचे ते ठिगळासाठी. पाव सेकंदाच्या तुकड्यात असा फरक कडांपुरता राहतो आणि क्रॉसफेड तो झाकतो.

तिसऱ्या रात्रीची गोष्ट वेगळी होती. शिट्टी सगळ्यात मोठी आणि सगळ्यात कर्कश तीच. स्पेक्ट्रोग्राममध्ये रेघ ठोक्याला छेदतच नव्हती, ठोक्यानंतर ०.८ सेकंदांनी थेट २० किलोहर्ट्झवरून सुरू होत होती. याचा अर्थ टिचकी स्वीप संपल्यानंतर, २०.८ सेकंदांवर, आपण ठेवलेल्या शांततेत वाजली. तिथे जाऊन ऐकलं तर आमच्याच माणसाची प्लॅस्टिकची खुर्ची. स्वीप संपला की माणसाचं अंग आपोआप सैल होतं, तो श्वास सोडतो, सरकून बसतो, आणि नेमकी तीच सगळ्यात वाईट वेळ. कारण उलटा फिल्टर सुरुवातीला सर्वात मोठा असतो. तीच 'कट्' स्वीप १ किलोहर्ट्झवर असताना वाजली असती तर ठोक्याच्या जागी फिल्टर २० पटीने लहान झालेला असतो, म्हणजे २६ डेसिबल हळू. शांततेत वाजली तर पूर्ण जोरात येते.

ही दुरुस्त करायला मात्र सगळ्यात सोपी आहे. २०.८ सेकंदाला हॉलमध्ये घुमत काय असेल, तर शेवटच्या सेकंदा-दीड सेकंदात वाजलेले १२ किलोहर्ट्झच्या वरचे सूर, आणि ते हवेतच इतक्या पटकन विरतात की तोपर्यंत जवळजवळ काही उरत नाही. तेव्हा इथे ३० मिलिसेकंद बिनधास्त शांत करा, फक्त कडा ५-५ मिलिसेकंदांच्या फेडने मऊ ठेवा. म्हणजे जो म्यूट ११.३६ ला चुकीचा तोच २०.८ ला बरोबर. मूळ रेकॉर्डिंगवर करायचं हे सगळं, तयार आयआरवर नाही. आयआरमधली रेघ हाताने पुसायला गेलात तर तिच्याबरोबर शेपटीही पुसली जाते.

आता जागेवर काय करायचं. चौथ्या वेळी आम्ही शेवटची लोकल गेल्यावर आणि पहाटेची पहिली सुटायच्या आधी काम उरकलं, पंखे तासभर आधी बंद केले म्हणजे हवा थांबते आणि लाकूडही निवून शांत होतं. कबुतरं बाल्कनीत झोपलेली होती, त्यांच्यासाठी वरचे दिवे लावलेच नाहीत. हॉलच्या काकांना विचारलं की गस्तीची काठी आपटणं थोडा वेळ थांबवाल का, तर म्हणाले, "तुम्ही हात वर केलात की मी उभा तिथेच उभा, खाली केलात की चाललो." स्वीप संपल्यावर मी मनात पाच मोजले आणि मगच हात खाली. आणि महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक टेकनंतर तिथेच, लॅपटॉपवर, लगेच आयआर काढून स्पेक्ट्रोग्राम बघितला, दोन मिनिटांचं काम आहे, घरी जाऊन कळण्यात काही अर्थ नाही.

स्वीप लांब केला तर रस्त्याच्या सततच्या घरघरीवर फायदा होतो, ४० सेकंदांचा घेतला तर ३ डेसिबल, पण त्यात काहीतरी वाजायची शक्यताही दुप्पट होते. मुंबईत रात्री मला २० सेकंद बरे वाटले, दिवसा घ्यायची वेळच आली तर दहादहा सेकंदांचे जास्त टेक घेऊन ठिगळं लावीन. पावसात जाऊच नका, पत्र्यावर पडणारा प्रत्येक थेंब ही एक टिचकी आहे, हजारो रेघा एकमेकांत मिसळून नुसती खरखर होते आणि तिच्यावर वरचा कुठलाच उपाय चालत नाही.

चौथ्या रात्रीच्या चार टेकमधून एक निवडला, त्यात दोन रेघा होत्या. एक ६ किलोहर्ट्झवर छेदणारी, म्हणजे १६.५ सेकंदांची, तिथे तिसऱ्या टेकचं ठिगळ लावलं. दुसरी ५६ हर्ट्झवर छेदणारी, ३ सेकंदांवरची, खाली गटाराचं झाकण वाजलं होतं बहुतेक. तिला हात लावला नाही. तिथे फिल्टर ५० डेसिबलने खाली असतो, रेघ नुसती डोळ्याला दिसते, ऐकू येत नाही, आणि गळ्याच्या रिव्हर्बवर ८० हर्ट्झचा हाय-पास तसाही लावायचाच होता. ठोक्याच्या आधीचं सगळं कापलं, शेपटी आवाजाच्या तळाला मिळते तिथून, आमच्याकडे साधारण १.९ सेकंदांपासून, हळू फेड दिला, आणि अडीच सेकंदांची फाइल २४ बिटमध्ये सेव्ह केली. मग तबल्याची तीच थाप त्यातून काढली. थाप वाजली, हॉल घुमला आणि मागे काही न उरता विरला.